स्वतः कधी जुनी गाडी विकली आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा मुद्दा मांडला होता: जुनी गाडी चांगली की वाईट हे गिऱ्हाईकाला कळत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: "लेख अगदीच पुस्तकी. बाजारात चांगल्या गाड्या भरपूर आहेत, पारख पाहिजे फक्त. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला की विषय संपला. तुम्ही स्वतः कधी जुनी गाडी विकली आहे का? आणि २००१ चं नोबेल तिघांना मिळून होतं, एकट्या अकरलॉफना नाही."

भाऊ, नोबेलचं तुमचं बरोबर आहे. अकरलॉफसोबत स्पेन्स आणि स्टिग्लिट्झही होते. माझी चूक झाली, लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकी मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याने आयुष्यात काय केलं नि काय नाही हे गृहीत धरून चारचौघांत विचारायचं, ही कुठली पद्धत? विचारलंच आहे तर ऐका.

हो, विकली आहे. वडिलांची, २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ३१, पहिल्यापासून एकच मालक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. आमची गाडी त्या रात्री मनीषनगरला, उंचावरच्या पार्किंगमध्ये कोरडी होती. दिवाळीनंतर ती विकायला काढली.

पहिल्या गिऱ्हाईकाने गालिचा उचलून पाहिला, वास घेतला, समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "काका, दोन चाळीस." पुरापूर्वी तशाच गाडीला सव्वातीनपर्यंत मिळत होते. मला राग आला, पण त्याचा हिशोब चुकलेला नव्हता. समजा त्याच्यासमोर दहा गाड्या आहेत, पाच कोरड्या आणि पाच भिजलेल्या. कोरडी त्याच्या लेखी ३ लाख २० हजारांची, भिजलेली १ लाख ६० हजारांची. कुठली कोणती हे त्याला कळत नाही, म्हणून तो मधला आकडा बोलतो, २ लाख ४० हजार. भिजलेल्या गाडीचा मालक त्या आकड्यावर खूश होतो. मी पावणेतीनच्या खाली देणार नव्हतो, मी गाडी परत घरी आणली. माझ्यासारखे पाचही जण परतले की उरतात त्या पाच भिजलेल्या. पुढच्या गिऱ्हाईकांना हे कळलं की भाव १ लाख ६० हजारांवर येतो. यात कोणाला खोटं बोलावं लागत नाही.

आता तुमचा मेकॅनिक. दुसरा गिऱ्हाईक घेऊन आला होता. चांगला माणूस, घाईही केली नाही. त्याने ऑइल पाहिलं, गाडी चालवली, स्पेअर चाकाखाली गाळ आहे का पाहिलं, सीटच्या पट्ट्यांचा गंज तपासला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधली. काही सापडलं नाही. तरी गिऱ्हाईकाला म्हणाला, "इंजिन मस्त आहे, वायरिंगचं मी सांगू शकत नाही." खरंच सांगितलं त्याने. पाणी वायरिंगच्या जोडण्यांत शिरलं की आतली पिन हळूहळू गंजते आणि बिघाड कित्येक महिन्यांनी वर येतो. ती पाहायला डॅशबोर्ड आणि सीट काढाव्या लागतात, अनोळखी माणसाला कोण काढू देतो? गाळ सापडला तर गाडी भिजलेली हे नक्की. सापडला नाही, तर कोरडी असेल किंवा नीट धुऊन बेल्ट बदललेली असेल. विम्याच्या क्लेमचंही तेच, क्लेम दिसला तर कळतं, मालकाने तो केलाच नसेल तर कागद स्वच्छ. म्हणजे मेकॅनिक वाईट गाडी पकडतो. चांगली गाडी चांगली आहे हे सिद्ध करून देत नाही, आणि मला तेच हवं होतं. तुम्ही एका ओळीत संपवलेला विषय माझ्याकडे दोन महिने संपला नाही.

"भरपूर आहेत" याचं उत्तर मूळ लेखात दिलेलं आहे. वॉरंटी देणाऱ्या विक्रेत्यांकडे चांगल्या गाड्या का टिकतात तेही तिथे आहे. लेख पूर्ण वाचला असता तर ते दिसलं असतं, मी पुन्हा लिहिणार नाही.

शेवटी गाडी माझ्या मावसभावाने घेतली, २ लाख ९० हजारांना. पुराच्या रात्री तो आमच्याकडेच मुक्कामाला होता, सकाळी त्यानेच ती गाडी पार्किंगमधून काढली होती. त्याला मेकॅनिक लागला नाही. तुम्ही बाजारात पारख करत फिरत होतात तेव्हा ती तिथे नव्हती. आता ती वर्ध्याला आहे.