यूकेच्या व्हिसाचा तो फॉरवर्ड आणि मावसभावाचे 28 दिवस

"यूकेची नवीन स्कीम! जॉब ऑफर नको, खर्च शून्य, 12वी झालेला कोणीही चालतो. दोन वर्षं रहा, बक्कळ कमवा. फक्त लॉटरीत नाव लागलं पाहिजे, आमची सेटिंग आहे, 40 हजारात नाव फिक्स."

राजारामपुरीपासून कागलपर्यंत सगळ्या ग्रुपवर हेच फिरतंय. गेल्या वर्षी मावसभावाचा अर्ज मी शेजारी बसून भरून घेतला, म्हणून लिहितोय.

आधी सेटिंगचं बोलूया, कारण पोरांचे पैसे इथंच जातात. 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम' असं नाव आहे, 2023 पासून चालू आहे आणि वर्षाला 3000 जागा. लॉटरी, त्यांच्या भाषेत बॅलट, फेब्रुवारीत आणि जुलैत यूके सरकारच्या gov.uk वर उघडते, दोनच दिवस, आणि नाव घालायला एक रुपया लागत नाही. नाव, जन्मतारीख, पासपोर्टची माहिती आणि पासपोर्टचाच फोटो, फोन, ईमेल, बास. नावं कॉम्प्युटर रँडम काढतो, त्यात कोल्हापूरच्या काय लंडनच्या एजंटचाही हात पोचत नाही. एजंट शंभर पोरांची नावं घालतो, त्यातल्या दोघांची लागली की "बघा, मी काढून दिलं" म्हणतो. आणि खरी भानगड पुढं आहे, कारण फॉर्ममध्ये तो स्वतःचा ईमेल टाकतो. निवडीचा मेल त्याच्याकडे येतो, अर्जाची शेवटची तारीख त्यालाच कळते, मग तो म्हणेल तेवढे पैसे द्यावे लागतात. म्हणून ईमेल स्वतःचाच टाका, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

खर्च शून्य तर अजिबातच नाही. फुकट आहे ती फक्त चिठ्ठी. नाव लागल्यावर व्हिसा फी 319 पाउंड (2025 च्या एप्रिलमधला दर) आणि त्यांच्या सरकारी दवाखान्यांसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला 776, म्हणजे दोन वर्षांचे 1552, ते पण एकदमच. पाउंड 115 रुपये धरला तर दोन्ही मिळून सव्वादोन लाखांच्या जरा खाली. टीबीची टेस्ट त्यांनी ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्येच करायची, तिचे आणि विमानाचे वेगळे. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत येतो, फी नाही.

शिवाय 2530 पाउंड स्वतःच्या नावाच्या खात्यावर सलग 28 दिवस दाखवायचे. वडिलांच्या पासबुकात असून उपयोग नाही. मावसभावाचं घोडं इथंच अडलं होतं. काकांचं उसाचं बिल आलं, त्यातले 3 लाख 1 तारखेला त्याच्या खात्यावर टाकले. गरज होती साधारण 2 लाख 91 हजारांची, म्हणजे वर फक्त 9 हजार. 19 तारखेला बहिणीच्या हॉस्टेलची फी भरायची होती म्हणून मावशीनं 15 हजार काढायला लावले, रात्री काकांनी ते परत भरले पण. त्यांना वाटलं झालं की पूर्ण. पण त्या दिवशीचा बॅलन्स 2 लाख 85 हजारांवर आला होता आणि एक दिवस जरी खाली गेला तरी मोजणी पहिल्यापासून. स्टेटमेंट बघून मी अर्ज थांबवला, परत 28 दिवस मोजले. हातात तारीख शिल्लक होती म्हणून निभावलं. तसाच अर्ज गेला असता तर फी बुडाली असती. आणि रुपयाचे पाउंड ते अर्जाच्या दिवशीच्या रेटनं करतात, म्हणून काठावर पैसे ठेवू नका, 15-20 हजार वर असू देत आणि त्या महिन्यात त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा. 28 वा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांत बसला पाहिजे, जुनं स्टेटमेंट चालत नाही.

12वीचं तर सरळ खोटं आहे. किमान बॅचलर डिग्री लागते, नुसत्या पॉलिटेक्निक डिप्लोमावर होत नाही. वय 18 ते 30. सोबत बायको-पोरं नेता येत नाहीत, आणि ज्यांची जबाबदारी तुमच्यावर आहे अशी 18 च्या आतली मुलं असतील तर तुम्ही बसतच नाही.

जॉब ऑफर नको हे मात्र खरं आहे, पण याचा अर्थ तिकडं उतरल्यावर काम तुम्हीच शोधायचं. 2025 च्या एप्रिलमधल्या दरानं 21 आणि त्यावरच्यांना तासाला कमीत कमी 12.21 पाउंड मिळायचे. आठवड्याला 40 तास धरले तर टॅक्स कापून महिन्याला साधारण 1800 पाउंड हातात. त्याला 115 नं गुणून दोन लाख म्हणायचं आणि इथल्या भाड्याशी तुलना करायची, ही चूक जवळजवळ सगळेच करतात, पण खर्चही पाउंडातच असतो. खोली घेताना डिपॉझिटच पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं मागू शकतात, पहिला पगार यायला महिना जातो, तोवर ते दाखवलेले 2530 पाउंडच खायचे असतात. मावसभावाला काम मिळायला सात आठवडे लागले आणि तोवर त्यातले जवळजवळ सगळे संपले होते.

दोन वर्षांनंतर हा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि ह्याच स्कीममधून परत जाता येत नाही. तिथंच थांबायचं असेल तर कंपनीनं स्पॉन्सर केलेला दुसरा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कंपन्यांना विचारायला लागा.