लंबवर्तुळाचे अक्ष कुठून येतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमची आकृती चुकली आहे. लंबवर्तुळाचे अक्ष आयगेन व्हेक्टरच्याच दिशेने असतात, क्षेत्रफळही 15π बरोबर येतं. सिंग्युलर व्हॅल्यूचा घोळ घालून मुलांना कशाला गोंधळात टाकता? लिहिण्याआधी एखादं पाठ्यपुस्तक उघडत जा. आकृतीत अक्षांवर आकडेसुद्धा नाहीत.»

नमस्कार. आकडे राहून गेले हे खरं आहे, आज रात्री घालतो. पण “पाठ्यपुस्तक उघडत जा” ही भाषा मला लागली. एकोणीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाच भाग शिकवतो आहे. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण माणसाने काहीच वाचलेलं नाही असं धरून बोलू नये.

आता तुमचं अक्षांबद्दलचं वाक्य. लेखातली मॅट्रिक्स A = [[3, 0], [4, 5]] होती, आणि ती एकक वर्तुळाला लावल्यावर मिळणारं लंबवर्तुळ आकृतीत होतं. तिच्या आयगेन व्हॅल्यू 3 आणि 5, आणि आयगेन व्हेक्टर (1, −2) आणि (0, 1). या दोन दिशांमध्ये साधारण 26.6 अंशांचाच कोन आहे. लंबवर्तुळाचे अक्ष एकमेकांना काटकोनात असतात, मग हे अक्ष होतील कसे?

वर्गात मी मुलांना आलेख-कागदावर एकक वर्तुळाचे दर 15 अंशांनी 24 बिंदू घेऊन प्रत्येकाला A लावायला सांगतो. (0, 1) जातो (0, 5) वर, अंतर 5. तुमच्या मते लंबवर्तुळ इथेच सगळ्यात लांब असायला हवं. पण 45 अंशांवरचा (1, 1)/√2 घ्या. तो (3, 9)/√2 वर जातो आणि केंद्रापासूनचं अंतर येतं √45, म्हणजे सुमारे 6.71. त्याला लंब असलेला (1, −1)/√2 जातो (3, −1)/√2 वर, अंतर √5, सुमारे 2.24. या दोन प्रतिमांचा अदिश गुणाकार (9 − 9)/2 = 0, म्हणजे त्याही काटकोनात. हेच अर्धे अक्ष.

ही दिशा मी हवेतून काढलेली नाही. Ax च्या लांबीचा वर्ग म्हणजे xᵀ(AᵀA)x. इथे AᵀA = [[25, 20], [20, 25]]; ती सममित आहे, म्हणून तिच्या आयगेन दिशा लंब मिळतात. तिच्या आयगेन व्हॅल्यू 45 आणि 5, त्यांची वर्गमुळं म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू.

क्षेत्रफळाने तुम्हाला चकवलं. 3 × 5 = 15 आणि √45 × √5 सुद्धा 15, कारण दोन्ही गुणाकार निश्चयकाएवढेच (इथे तो धन आहे). त्यामुळे चुकीचे अक्ष घेतले तरी 15π येतंच. त्या पडताळ्याने ही चूक कधीच पकडली जात नाही. लांबी मोजली की लगेच कळते.

A स्वतः सममित असती, तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं: अक्ष आयगेन व्हेक्टरच्याच दिशेने, अर्ध्या अक्षांची लांबी |λ|. बहुधा तुम्ही तीच उदाहरणं सोडवली असावीत. मुलांच्या गोंधळाबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्या वर्गातली मुलं हे 24 बिंदू स्वतः काढतात. तुम्हीही काढा, आणि 6.71 पेक्षा लांब बिंदू सापडला तर त्याचे निर्देशक इथे लिहा.