एक औंस म्हणजे किती, हे आत्याला विचारू नका

अमेरिकेतल्या भाच्याने मॉकटेलची कृती पाठवली आणि तिच्यात ‘औंस’ दिसला, की लिंबं आणायला जाऊ नका. आधी मोबाइल काढा आणि एका औंसाचे मिलीलिटर किती, ते दशांश चिन्हापुढच्या चार घरांपर्यंत शोधा. २९.५७३५. हा आकडा पाठ करा. गच्चीवर पाहुणे जमले, की घसा साफ करून तो एकदा मोठ्याने म्हणा. आपल्या इंदुरात शिकंजीपासून सरबतापर्यंत सगळं अंदाजाने होतं. तिथे चार दशांशांचा माणूस कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळे तुमची छाप पडणार हे नक्की. प्यायला काही मिळालं नाही, तरी पडणार.

मी हे अनुभवाने सांगतोय. रंगपंचमीचा दिवस होता. सकाळी राजवाड्यावरची गेर पाहून, कानापर्यंत रंगून सगळे घरी आले होते आणि संध्याकाळी गच्चीवर बारा माणसांसाठी अननसाचं मॉकटेल करायचं माझ्याकडे होतं. भाच्याची कृती एका ग्लासाची होती. अननसाचा रस दोन औंस, लिंबाचा रस पाऊण औंस, मध अर्धा औंस आणि वरून सोडा चार औंस. एवढंच. पण एवढंच असेल, तर त्यात आपलं काय कौतुक?

म्हणून मी वही घेतली. दोन औंस म्हणजे ५९.१४७ मिली. पाऊण औंस म्हणजे २२.१८०१. हे चाललं असतानाच मेहुण्याने विचारलं, ‘‘औंस अमेरिकेचा की इंग्लंडचा?’’ असा मेहुणा प्रत्येक घरात असतो, त्याला आधीच खाली बर्फ आणायला पाठवावं. कारण त्याचा प्रश्न बरोबर आहे. इंग्लंडचा औंस २८.४१ मिलीचा असतो. १८२४ साली इंग्रजांनी गॅलनची नवी व्याख्या केली. दहा पौंड पाणी मावेल तो गॅलन, आणि त्याचे १६० भाग केले की एक औंस. अमेरिकेने मात्र त्याआधीचा, दारू मोजायचा लहान गॅलनच धरून ठेवला आणि त्याचे १२८ भाग केले. म्हणजे गॅलन लहान, पण भाग कमी, म्हणून औंस किंचित मोठा. भाऊबंदकीत वाडा एकाला आणि विहीर दुसऱ्याला जावी, तसलाच हा प्रकार.

ही माहिती हाती आली, की पाहुण्यांना दोन्ही औंसांतला फरक समजावून सांगा. साधारण एक मिलीचा आहे. अर्धा तास सहज जातो.

आत्या तेवढ्यात काय म्हणाली, ते सांगतो, पण तुम्ही ते अजिबात ऐकू नका. कपाटात, पितळेच्या देवांच्या डब्यामागे, एक स्टीलचं दोन तोंडांचं माप सापडलं. एका बाजूने तीस मिली, दुसऱ्या बाजूने साठ. आमच्या घरात कुणी पीत नाही, त्यामुळे हे छोट्या-मोठ्या पेगाचं माप तिथे कसं आलं, हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही. आत्या म्हणाली, ‘‘औंस म्हणजे हे लहान तोंड. तीस. लिही. पाऊण औंस साडेबावीस, अर्धा पंधरा, दोन साठ. बारा जणांचं लिंबू किती? बारा पाऊणे नऊ. नऊ तीस दोनशे सत्तर मिली. झालं.’’

पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेल्या बाईसमोर परदेशी कृती टिकत नाही, कारण तिकडचं सगळं पाव, पाऊण आणि दीडमध्येच चालतं. बारमध्ये काम करणारेही औंसाला सरळ तीसच धरतात. तीस आणि २९.५७ यांतला फरक अर्ध्या मिलीहूनही कमी, म्हणजे आठ-नऊ थेंब. शिवाय तो प्रत्येक जिनसाला त्याच प्रमाणात लागतो. रसही दीड टक्का जास्त, लिंबूही तेवढंच, मधही तेवढाच. ग्लास नखभर जास्त भरतो, चव जिथल्या तिथे राहते. पण हे मान्य केलं, तर वहीतल्या चार दशांशांचं काय करायचं? म्हणून मान्य करू नका. २२.१८०१ मिली लिंबाचा रस मोजायला मुलाच्या खोकल्याच्या औषधाची सिरिंज घ्या, आणि मग तो रस अशा लिंबांचा काढा की ज्यातलं एक सालपट आहे आणि दुसरं रसाने टच्च. कोणतं किती आंबट, ते लिंबालाच ठाऊक. तिथे दशांश विचारायचे नसतात.

एवढं करूनही मॉकटेल नीट होण्याचा धोका उरतोच. तो टाळायचा खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.

मध चिकट. मापात ओतला तर अर्धा मापालाच राहतो. त्यामुळे शहाणा माणूस मध काट्यावर घेतो, आणि इथेच आपली संधी असते. बारा जणांना सहा औंस मध हवा होता. काट्याला बटण असतं. ते दाबत गेलं की पडद्यावर g येतं, मग oz, मग ml, मग fl'oz. मी oz वर थांबलो आणि सहा येईपर्यंत मध ओतला. वजनाचा औंस असतो २८.३५ ग्रॅमचा, म्हणून सहा औंसांचे झाले १७० ग्रॅम. कृतीतला औंस मात्र आकारमानाचा, भांड्यात किती जागा व्यापतो त्याचा. मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, एका मिलीचं वजन साधारण १.४ ग्रॅम. तेव्हा माझ्या भांड्यात पडला एकशे वीस मिली मध, आणि हवा होता एकशे ऐंशी. एक तृतीयांश गायब, आणि काटा समोर अगदी प्रामाणिक चेहऱ्याने सहा दाखवतोय.

तुम्ही म्हणाल, मग ml चं बटण दाबावं. जरूर दाबा. त्या बटणाला भांड्यात काय आहे ते दिसत नाही. ते जे येईल त्याला पाणीच समजतं आणि एका ग्रॅमला एक मिली लिहून मोकळं होतं. त्यावर १८० दिसेपर्यंत मध ओतलात, तर खरा मध पडेल सव्वाशे मिलीच्या आसपास. fl'oz दाबलं तरी तेच. म्हणजे तिन्ही बटणांनी चुकायची सोय एकाच यंत्रात. फक्त g वर काटा ठेवून २५५ ग्रॅम घेतले असते तर बरोबर आलं असतं, पण त्यासाठी आधी १८० ला १.४२ ने गुणावं लागतं आणि ते कृतीत कुणी लिहून देत नाही.

हा घोटाळा मुळात होतो का, तर इंग्रजांनी औंस ठरवतानाच एक औंस पाण्याचं वजन एक औंस होईल असं जुळवून ठेवलं. पाण्यापुरतं छान आहे. पण नाव दोघांचं एकच, त्यामुळे आजोबा-नातवाचं नाव एकच असलेल्या घरात टपालाचं होतं, तसं होतं. आत्याला मात्र हा औंस ओळखीचा निघाला. तिच्या लहानपणी दवाखान्यातला कंपाउंडर मिक्सचरच्या बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवून देत असे, तेव्हा औंस औषधाचा होता. आणि वजनाला छटाक होता, जवळपास दोन औंसांएवढा. ‘‘तेल मापाने आणि साखर छटाकाने, एवढं तर आम्हाला शाळेत जायच्या आधी कळायचं,’’ असं ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

तर बाराही ग्लास भरले. लिंबाचा रस पुरा दोनशे सत्तर मिली होता, मध दोन तृतीयांश. मधाचं माप चुकलं आहे, हे ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही. पहिला घोट घेतल्यावर माणसं एक डोळा मिटतात, मग ‘‘वा, फ्रेश आहे’’ म्हणतात आणि ग्लास कठड्यावर ठेवून शेवेच्या डब्याकडे वळतात. गेरमधून रंगून आलेल्या, उन्हाने तहानलेल्या माणसांनी ग्लास खाली ठेवला, तर समजून जा.

अशा वेळी आणखी सोडा घाला. आंबट आहे ना, मग पातळ करा. आंबट आणि पांचट हे दोन्ही गुण एकाच पेयात आणण्याचा दुसरा मार्ग नाही. आत्याने मात्र न विचारता कमी पडलेला साठ मिली मध वाटीत घेतला, तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवला आणि प्रत्येक ग्लासात त्यातलं दहा-दहा मिली ओतून चमच्याने खालून वर ढवळलं. तसाच मध गार सोड्यात घातला असता, तर तळाशी गोळा होऊन बसला असता आणि शेवटच्या घोटाला एकदम सगळ्यांना मिळाला असता. मला ते सुचलं होतं, पण मी तोपर्यंत १.४२ च्या पुढचे दशांश शोधत होतो.

आता पुढच्या खेपेची तयारी. भाच्याने नवी कृती पाठवली आहे, जिंजर पंच, त्याच्या लंडनच्या मित्राची. तिच्यात औंस जेमतेम आहेत, सोडा आहे ‘दोन पिंट’. औंसाबद्दल एवढं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, इंग्लंडचं माप थोडं लहान असतं, तेव्हा पिंटही लहानच असणार. असंच समजा. इंग्लंडच्या पिंटमध्ये औंस असतात वीस, अमेरिकेच्या पिंटमध्ये सोळा. म्हणून औंस लहान असूनही पिंट मोठा, ५६८ मिली, आणि अमेरिकेचा ४७३. दोन पिंटला जवळजवळ दोनशे मिलीचा फरक, आणि तो फक्त सोड्यात. आल्याचा रस आणि लिंबू मात्र औंसात, जिथल्या तिथे. इथे आठ थेंबांचा वाद नाही, इथे पंच सरळ तिखट होतो. तेव्हा कृती कुठल्या देशाची, हा प्रश्न मेहुण्याने विचारायच्या आत त्याला बर्फ आणायला पाठवा.

स्टीलचं माप पुन्हा देवांच्या डब्यामागे गेलं आहे. आत्याने ते धुऊन ठेवलं, आणि कुठे ठेवायचं ते तिला विचारावं लागलं नाही.