सत्तावीस तास दहा मिनिटे

आमचे बाळ सोळा दिवसांचे असताना एका दिवसात सत्तावीस तास दहा मिनिटे जगले. हा दावा माझा नाही, कोष्टकाचा आहे, आणि ते कोष्टक मी स्वतः पट्टीने आखलेले असल्यामुळे त्यावर अविश्वास दाखवण्याचा अधिकार घरात कोणालाही नव्हता.

हे कोष्टक जन्माला आले त्याला कारण डॉक्टरांचे एक साधे वाक्य. घरी जाताना त्यांनी सांगितले होते की पहिले काही आठवडे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे व्हायला हवे आणि त्याची थोडीफार नोंद ठेवली तर बरे. ‘थोडीफार’ या शब्दाचा अर्थ मला आयुष्यात कधीच नीट कळलेला नाही. त्या संध्याकाळीच मी एक जाड वही काढून तिच्यात ‘वेळ’, ‘काय केले’, ‘कालावधी’ आणि ‘शेरा’ असे चार रकाने आखले. वही पाळण्याजवळच्या खिळ्याला दोरीने टांगली आणि दोरीला पेनही बांधले. पत्नीने ते पेन पाहून एवढेच विचारले, “आपण बाळ आणलंय की पोस्ट ऑफिस उघडलंय?”

पहिला वाद रकान्यांच्या मथळ्यावरूनच झाला. दर अडीच-तीन तासांनी पाजायचे, हे दोघांनाही मान्य होते. पण हे तीन तास मोजायचे कुठून? मी हिशेबाच्या सवयीने एक काम संपल्यावर पुढच्याची घड्याळे लावणारा. रात्री २:१० ला सुरू झालेले पाजणे २:५० ला संपले, म्हणजे पुढची वेळ ५:५० ची, असे मी ठामपणे लिहून टाकले आणि पांघरूण ओढले. बाळ ४:३५ ला रडू लागले तेव्हा, “अजून सव्वा तास बाकी आहे,” असे मी त्याला वहीतून दाखवलेही. दुसऱ्या दिवशी फोनवर कळले की अंतर मोजतात ते एका पाजण्याच्या आरंभापासून पुढच्या पाजण्याच्या आरंभापर्यंत. म्हणजे २:१० नंतरचे तीन तास ५:१० ला संपतात, आणि त्यातली चाळीस मिनिटे पाजण्यात, पंधरा मिनिटे ढेकर काढण्यात, दहा मिनिटे लंगोट बदलण्यात आणि वीस मिनिटे पुन्हा झोपवण्यात गेली की आईबापांच्या वाट्याला दीड तासाच्या वर काही मिनिटेच उरतात. हे गणित कोणी आधी करून दाखवत नाही, आणि ते बरेच आहे.

‘वेळ’ आणि ‘कालावधी’ हे सरळ स्वभावाचे रकाने होत. सगळा गोंधळ ‘शेरा’ या रकान्यात होतो. तो मी सर्वांत रुंद आखला होता, कारण निरीक्षणाला वाव हवा. पहिल्या दिवशीचे शेरे वाचण्यासारखे आहेत: “उजव्या बाजूने शांतपणे प्यायले. मध्ये दोनदा थांबून छताकडे पाहिले. मुद्रा विचारमग्न.” पाचव्या दिवशी त्याच रकान्यात “उजवी. ढेकर नाही.” एवढेच आहे. नवव्या दिवशी फक्त “उ” आहे, आणि पुढे पेनाची एक लांब रेघ पानाच्या कडेपर्यंत गेलेली आहे, जिथे लिहिणाऱ्याला झोप लागली.

या ‘उ’ने पुढे आमची लाज काढली. कोणत्या बाजूने पाजले हे लक्षात ठेवावे लागते, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात करता येते. त्यासाठी आम्ही ‘उ’ आणि ‘डा’ अशी संक्षिप्त खूण ठरवली. पत्नीने मात्र कधीतरी पहाटे ‘उ’ हे अक्षर उचकीसाठीही वापरायला सुरुवात केली. माझी आई मदतीला आली होती. वही पाहून ती, “आम्ही काय नोंदी ठेवून वाढवली होती तुम्हाला?” असे म्हणाली होती खरी, पण तिसऱ्या दिवसापासून तीच चश्मा लावून, “मघाशी कितीला प्यायला होता रे?” असे विचारीत वहीकडे जाऊ लागली आणि चौथ्या दिवशी तिने पेन हातात घेतले. तिच्या लेखी ‘उ’ म्हणजे उलटी. ती उलटीही नसायची. ढेकरेबरोबर चमचाभर दूध बाहेर यायचे, ज्याला तीच एरवी गुळणी म्हणते. पण लिहिताना तिला ‘उ’ सोयीचा वाटला.

सतराव्या दिवशी तपासणीला जाताना मी आदल्या दिवसाच्या पानाची बेरीज करायला बसलो, आणि तेव्हा तो सत्तावीस तासांचा दिवस सापडला. अकरा वेळा पाजणे, एकूण ७ तास २० मिनिटे. झोप १७ तास ५० मिनिटे. रडणे, लंगोट, अंघोळ आणि निष्कारण टक लावून पाहणे मिळून २ तास. मी तीनदा बेरीज केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातले पैशापैशाचे फरक शोधलेल्या माणसाला स्वतःच्या लेकराच्या खात्यात १९० मिनिटे जास्त निघावीत, ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती.

पहिली चाळीस मिनिटे लवकर सापडली. पहाटे २:१० चे पाजणे पत्नीने लिहिले होते. तेच पाजणे मी अर्धवट झोपेत उठून २:२५ ला पाहिले, आणि कर्तव्यदक्षतेने “पाजणे, ४० मिनिटे” असे स्वतंत्रपणे नोंदवले. म्हणजे अकरा नव्हे, दहाच वेळा. दुसरी सत्तर मिनिटे मध्यरात्रीने चोरली होती. बाळ आदल्या रात्री १०:५० ला झोपले आणि १:२० ला उठले. मी ही अडीच तासांची झोप आदल्या दिवसाच्या पानावर तर लिहिलीच, पण नवे पान कोरे दिसू नये म्हणून तिथेही सबंध लिहिली. बाराच्या आधीची सत्तर मिनिटे नव्या दिवसाची नव्हतीच.

उरलेल्या ऐंशी मिनिटांनी मात्र घाम काढला. शेवटी पत्नीच म्हणाली, “अरे, ते पितापिता झोपतं, तेव्हा तू झोप कधीपासून लिहितोस?” मी झोपेची वेळ डोळे मिटल्यापासून लिहीत होतो आणि पत्नी पाजण्याची वेळ तोंड सुटेपर्यंत लिहीत होती. दहापैकी आठ वेळा शेवटची दहा मिनिटे बाळ डोळे मिटून, न गिळता, नुसते ओठ हलवीत पडलेले असायचे. तेवढा वेळ ते दोन्ही रकान्यांत एकाच वेळी हजर होते. त्या दिवसापासून आम्ही गिळण्याचा आवाज ऐकायला शिकलो. दूध ओढताना हनुवटी खोल जाते, क्षणभर थांबते आणि हलकासा ‘क’ ऐकू येतो. तो बंद झाला आणि नुसता थरथरता चाळा उरला की पाजणे संपले, मग घड्याळ काही म्हणो. दुरुस्तीनंतर पाजणे ५ तास २० मिनिटे, झोप १६ तास ४० मिनिटे आणि इतर २ तास, असा चोख चोवीस तासांचा ताळा लागला आणि मी समाधानाने वही काखेत मारून तपासणीला निघालो.

डॉक्टरांनी वही उघडली, ‘शेरा’ रकान्यावरून बोट फिरवले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “दिवसाला सात-सात उलट्या होतायत?” मी म्हणालो, “नाही, ती उजवी.” पत्नी म्हणाली, “त्यातल्या दोन उचक्या आहेत.” आई मागून म्हणाली, “एक उलटीच होती, पण थोडी.” डॉक्टरांनी शांतपणे वही मिटली आणि विचारले, “चोवीस तासांत लंगोट किती ओले होतात?”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. विचारमग्न मुद्रेची नोंद होती, जांभयांची होती, एका शिंकेचीही होती. ओल्या लंगोटांचा रकानाच नव्हता. पोटात किती दूध गेले हे मिनिटांवरून कळत नाही, कारण एखादे बाळ दहा मिनिटांत पोट भरते आणि एखादे चाळीस मिनिटे रेंगाळते. जे बाहेर आले ते मोजले की आत गेल्याचा अंदाज येतो, असे डॉक्टर म्हणाले. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. आईने बोटांवर मोजून “आठ तरी” असे सांगितले. मग काट्याची पाळी आली. जन्मावेळी ३ किलो १०० ग्रॅम, चौथ्या दिवशी उतरून २ किलो ९०० आणि आता ३ किलो १८०. सुरुवातीला थोडे उतरून दोन आठवड्यांच्या आत जन्माचे वजन भरून येणे ही नेहमीची रीत, म्हणाले. माझ्या एकोणीस पानांचा निकाल त्या काट्याने आणि आईच्या बोटांनी अर्ध्या मिनिटात लावला.

तरी वही अगदीच वाया गेली असे नाही. डॉक्टरांनी जाताजाता एका पानावर बोट ठेवले. रात्री दर पन्नासेक मिनिटांनी “कुरकुर. जागे झाले. मी उचलले.” अशी एकसारखी नोंद होती. ते म्हणाले, “जागं झालं म्हणून उचललंत, की उचललंत म्हणून जागं झालं?” एवढ्या लहान बाळाची जवळजवळ निम्मी झोप अस्वस्थ असते, त्यात ते कण्हते, हातपाय झाडते, चेहरे करते, क्वचित डोळेही उघडते, आणि पाऊणएक तासाचा एक फेरा संपून दुसरा सुरू होताना हे हमखास होते. मिनिट-दोन मिनिटे नुसते पाहिले तर पुष्कळदा ते आपोआप पुन्हा झोपते. म्हणजे सोळा रात्री मी एका झोपलेल्या माणसाला वेळच्या वेळी उठवून त्याची व्यवस्थित नोंद ठेवली होती.

नवे कोष्टक मी आखले नाही, पत्नीने आखले. त्यात वेळ, बाजू, ओला लंगोट आणि शी असे चार अरुंद रकाने होते, प्रत्येकात फक्त खूण करायची होती, आणि दिवस मध्यरात्रीऐवजी सकाळी सहाला सुरू होत होता. ‘शेरा’ रकाना वगळला होता. मी फार रदबदली केल्यावर पानाच्या तळाशी एक ओळ मिळाली, तीही दिवसाला एकच.

नवव्या आठवड्यातल्या एका पानावर रात्री ११:१० ची खूण आहे आणि तिच्या खाली थेट पहाटे ४:२० ची. मधली पाच तास दहा मिनिटे कोरी आहेत. त्या तळच्या ओळीवर माझा हक्क होता, पण सकाळी मी वही उघडली तेव्हा तिथे पत्नीचे अक्षर होते: “बाळ सलग झोपले. बाबा चार वेळा उठून श्वास बघून गेले. १:१५, २:०५, ३:००, ३:४०.”