बरणीतले पाहुणे

वडिलांचं शहापुरात किराणा दुकान होतं, एवढ्या भांडवलावर सगळा गोतावळा मला मसाल्यातला जाणकार समजतो. उन्हात संकेश्वरी मिरच्या पडल्या की माझ्या मोबाइलवर फोटो पडायला लागतात. "मामा, हे काय आहे?" एवढाच मजकूर.

यंदाचा मानाचा फोटो खानापूरच्या भाचीचा. घर बदलताना खड्या मसाल्याच्या पुड्या फाटल्या आणि सासूबाईंनी "एकाच जातीचं सामान" म्हणून सगळं एका बरणीत भरलं. फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी कांडपाला नंबर लागलेला. फोटोत बरणी होती, काचेत पिवळा बल्ब होता, भाचीचा अंगठा होता. मसाला त्याच्या मागे कुठंतरी असावा.

"त्या चांदणीसारख्या दिसतात त्या बाद्यान, एवढं मला कळालंय," भाची म्हणाली. कळणारच. आठ पाकळ्यांचं अख्खं चक्रफूल ओळखायला मामा लागत नाही. मामा लागतो तो फूल मोडल्यावर. मग बरणीत सुटी पाकळी दिसते, वरच्या कडेला उकललेली, आणि आतलं तपकिरी चकचकीत बी निघून वेगळंच फिरत असतं. त्या बियांवर बोट ठेवून भाचीनं मला "चिंचोके इतके बारीक कसे?" असं विचारलं होतं. (चक्रफुलाचा एक जपानी भाऊबंद विषारी असतो आणि फोटोत दोघे जुळे दिसतात, हे मी तिला सांगितलं नाही. कांडप रद्द झालं असतं.)

मग फोन आला, "मामा, बरणीत झुरळ आहे!" मी फोटो मोठा करून बघितला. झुरळाच्या अंगावर उभ्या शिरा होत्या आणि एका टोकाला देठ. मसाला वेलदोडा! "एक फोड," म्हटलं. पलीकडं बराच वेळ शांतता. झुरळ फोडायला धीर लागतो. शेवटी आत काळे, चिकट दाणे निघाले.

खरा घोळ मात्र या वेलदोड्यानंच घातला होता. तो धुरावर वाळवतात, त्यामुळं वास उग्र, धुरकट. आठवडाभर एका बरणीत राहिल्यावर सगळ्यांनाच तो वास लागला. भाची एकेक तुकडा नाकाला लावून सांगत होती, "मामा, सगळेच वेलदोडे आहेत." मिसळलेल्या बरणीत वरवर हुंगून उपयोग नाही. तुकडा मोडायचा आणि ताज्या मोडीचा वास घ्यायचा.

हे जायपत्रीच्या वेळी कामाला आलं. फोटोत दोन प्रकारच्या तांबूस पट्ट्या होत्या आणि पिवळ्या बल्बखाली दोन्ही एकाच रंगाच्या. एक जायपत्री, दुसरी रामपत्री. रामपत्री स्वस्त, वासाला मंद, आणि जायपत्रीत भेसळ म्हणून घुसते. आमच्याकडं किलो मिरचीला दहा ग्रॅम जायपत्री घालतात. तिच्या जागी रामपत्री पडली तर सासूबाई वर्षभर आमटी भुरकताना "यंदा मसाला बसला नाही" म्हणणार आणि ते मामाच्या खात्यावर जमा होणार.

"बल्ब बंद कर. सगळं पांढऱ्या कागदावर ओत, खिडकीत ने, शेजारी एक रुपया ठेव."

"रुपया कशाला? दक्षिणा?"

"माप कळायला!"

दुसरा फोटो आला आणि निम्मं काम झालं. पिवळसर नारिंगी, पातळ, रुंद, जाळीदार ती जायपत्री. काळपट तांबडी, जाड, अरुंद फाट्यांची ती रामपत्री. पण नवी जायपत्रीही लालसर असते आणि जुनी फिकी पडते, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देणं बरं नाही. "पट्टी मोड, नखानं दाब." जायपत्री कट्कन तुटली, नखाला तेल लागलं, मोडीला जायफळाचा वास आला. दुसरीला मोडून मोडून वासच नाही. फोनवरचा तो आनंद! जणू पोरगं मॅट्रिक पास झालं.

दगडफूल कुठंय, म्हणून विचारलं. एका बाजूनं काळं, दुसऱ्या बाजूनं राखाडी, कागदासारखं. "ते होय? ते सासूबाईंनी केर म्हणून काढून टाकलं."

उरला एक लवंगेचा थोरला भाऊ, देठाला जाडजूड. फोटोत लवंग म्हणून खपून गेला असता, पण रुपयाशेजारी त्याची उंची उघडी पडली. ती मराठी मोग्गू. कानडी शेजारणी बिसीबेळे भातात घालतात. आमच्या कांदा-लसूण मसाल्यात तिला जागा नाही. "वेगळी ठेव, शेजारी दे."

रात्री शेवटचा फोटो आला. कागदावर तळाचा चुरा: मोडक्या कडा, सुटे दाणे, धूळ.

"मामा, यात काय काय आहे?"

"सगळं."