बरोबरी सुटली की फक्त हजेरीचा क्रमांक लागला?

"एक्सेलच्या RANK मध्ये खोट आहे. सारखे मार्क असले की सगळ्यांना एकच नंबर देतो आणि पुढचे नंबर खाऊन टाकतो. त्याऐवजी खालचा फॉर्म्युला टाका. बरोबरी योग्य रीतीने सुटेल आणि डेटा कसाही असो, प्रत्येकाला वेगळा नंबर मिळेल. सगळ्या शिक्षकांना पाठवा."

```
=RANK(B2,$B$2:$B$9)+COUNTIF($B$2:B2,B2)-1
```

इंदूरच्या शिकवणीवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज या आठवड्यात मला तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवला तो सख्ख्या मेव्हण्याने, वर "भिया, गजब चीज है" अशी पावती जोडून. मी रामबागेत घरीच दहावीच्या शिकवण्या घेतो आणि सराव परीक्षेत पहिल्या तिघांना बक्षीस देतो, त्यामुळे हा फॉर्म्युला मी सहा वर्षांपूर्वीच वापरून बसलोय. त्याचा फटका कुठे बसतो ते सांगतो.

आधी खोटेचं बघू. RANK एकच गोष्ट मोजतो: माझ्यापेक्षा जास्त मार्क किती जणांना आहेत? त्यात एक मिळवला की झाला नंबर. आठ मुलांचा छोटा वर्ग घ्या, 500 पैकी मार्क, हजेरी 1 ते 8 या क्रमाने: 418, 431, 455, 431, 402, 447, 431, 390. 431 वाल्या तिघांच्या पुढे दोघंच आहेत, म्हणून तिघंही तिसरे. 418 वाल्याच्या पुढे पाच जण आहेत, म्हणून तो सहावा. चौथा आणि पाचवा कुणी खाल्लेला नाही. पाच मुलं पुढे असताना सहाव्याला चौथा म्हणायचं असेल तर तो तुमच्या शाळेचा वेगळा नियम झाला, एक्सेलची चूक नव्हे. 2010 पासून RANK.EQ आलाय, तो हेच करतो. RANK.AVG मात्र तिघांनाही 4 देतो, कारण 3, 4 आणि 5 ची सरासरी तेवढी येते. निकालपत्रकावर तो शोभत नाही.

आता मुख्य दुखणं. COUNTIF मधली रेंज नीट बघा: `$B$2:B2`. सुरुवातीला डॉलर आहे, शेवटाला नाही. फॉर्म्युला खाली ओढला की रेंज एकेक ओळीने लांबते, म्हणजे "वरपासून माझ्यापर्यंत हे मार्क कितव्यांदा आले" एवढंच ती मोजते. वरच्या वर्गात 431 पहिल्यांदा हजेरी 2 ला येतात, म्हणून तो तिसरा. 4 नंबरवाला चौथा, 7 नंबरवाला पाचवा. यात कुणाची हुशारी मोजली गेली? कुणाचीच नाही, फक्त यादीत कोण वर आहे ते मोजलं. आमच्याकडे हजेरी आडनावाने लागते, त्यामुळे आपटे-अभ्यंकर कायम फायद्यात आणि वैद्य-शेवडे कायम तोट्यात. खात्री करायची असेल तर तीच शीट हजेरीच्या उलट क्रमाने सॉर्ट करा. 7 वाला तिसरा होतो आणि 2 वाला पाचवा, मार्कांना हातही न लावता. माझ्या वर्गात एका आईने नेमकं हेच विचारलं होतं, "सर, सारखेच मार्क, मग कप त्यालाच का?" मला उत्तर देता आलं नाही.

बरोबरी सोडवायची तर आधी नियम ठरवावा लागतो. आता मी परीक्षेआधीच सांगतो: एकूण मार्क सारखे तर गणितात जास्त असलेला पुढे, तेही सारखे तर विज्ञान. गणित C कॉलममध्ये आणि विज्ञान D मध्ये. 2 नंबरवाल्याला गणितात 78, 4 आणि 7 वाल्यांना 91-91, विज्ञानात 4 ला 84 आणि 7 ला 88. फॉर्म्युला असा होतो:

```
=RANK(B2,$B$2:$B$9)
+COUNTIFS($B$2:$B$9,B2,$C$2:$C$9,">"&C2)
+COUNTIFS($B$2:$B$9,B2,$C$2:$C$9,C2,$D$2:$D$9,">"&D2)
```

पहिला COUNTIFS विचारतो: माझ्याइतकेच एकूण मार्क, पण गणितात माझ्यापेक्षा जास्त, असे किती? 2 नंबरवाल्यासाठी दोन, म्हणून तो 3 अधिक 2, पाचवा. दुसरा विचारतो: एकूणही सारखे, गणितही सारखं, पण विज्ञानात जास्त असे किती? 4 वाल्यासाठी एक, म्हणून तो चौथा. 7 वाला तिसरा राहतो. म्हणजे मेसेजच्या अगदी उलट निकाल, आणि शीट कशीही सॉर्ट केली तरी तोच. इथे सगळ्या रेंज दोन्ही टोकांना डॉलरने बांधलेल्या आहेत. तिन्ही बाबतींत सारखे असलेले दोघे मात्र सारख्याच नंबरावर राहतील, आणि राहू द्या. मग दोन कप आणावे लागतात. (हा फॉर्म्युला फोनवरून पाठवलात तर अवतरण चिन्हं तिरकी होऊ शकतात. एक्सेलला सरळच लागतात, म्हणून ती शीटमध्ये पुन्हा टाइप करा.)

राहिला "डेटा कसाही असो". समजा 2 नंबरवाल्याचे 431 दुसऱ्या कुठल्या फाइलमधून कॉपी केले आणि ते आकड्याऐवजी मजकूर म्हणून उतरले. डोळ्यांना फरक कळत नाही. RANK रेंजमधला मजकूर मोजत नाही, पण COUNTIF त्याला 431 च समजून मोजतो. आता दोघांचे हिशेब जुळत नाहीत. 418 वाल्याच्या पुढे RANK ला चारच आकडे दिसतात, म्हणून तो पाचवा. 7 वाल्याला RANK देतो 3, COUNTIF वरची दोन्ही 431 धरून त्यात 2 मिळवतो, तोही पाचवा. वेगळे नंबर देणाऱ्या फॉर्म्युल्याने दोन पाचवे दिले, आणि आठव्या नंबरावर कुणीच नाही! माझ्या फॉर्म्युल्यालाही हा रोग लागतो, म्हणून आधी `=COUNT(B2:B9)` टाकून बघतो. 8 च्या जागी 7 आले की एक सेल मजकूर आहे. शिवाय तसा आकडा सेलमध्ये सहसा डावीकडे चिकटलेला दिसतो. गैरहजर मुलासाठी "अनु" लिहिलं असेल तर त्याच्या ओळीत सरळ #VALUE! येतो. ते बरं, निदान लपत तरी नाही.

टक्केवारीवर RANK लावणाऱ्यांना आणखी एक घोळ भेटतो. सेलमध्ये दोघांचे 78.33 दिसतात, पण आत एकाचे 78.333 आणि दुसऱ्याचे 78.328 असतात. RANK आतलं बघतो, म्हणून "सारखे" दिसणारे वेगळ्या नंबरांवर जातात. एकूण मार्कांवरच नंबर लावा. टक्केच हवे असतील तर आधी वेगळ्या कॉलममध्ये `=ROUND(E2,2)` करा आणि RANK त्यावर लावा.

मेसेजमधला फॉर्म्युला अगदीच टाकाऊ नाही, हेही सांगतो. गुणानुक्रमे यादी आपोआप तयार करायची असेल, म्हणजे एका कॉलममध्ये 1 ते 8 लिहून MATCH ने त्या त्या नंबराचं नाव शोधायचं असेल, तर तीन तिसरे असल्यावर 4 आणि 5 सापडत नाहीत आणि तिथे #N/A येतो. तिथे वेगळे नंबर लागतातच, आणि ते काम हा COUNTIF चोख करतो. म्हणून मी तो एका लपवलेल्या कॉलममध्ये ठेवतो. छापायच्या पत्रकात जो नंबर जातो, तो COUNTIFS वाला.