‘भूक’ म्हणणारी जीभ आळशी नाही

«हिंदीत भूख, हाथ, धंधा, खंभा. आपण खान्देशी, आणि एकूणच मराठी माणसं, भूक, हात, धंदा, खांब म्हणतो. जीभ आळशी म्हणून महाप्राण गळाले. संस्कृतात असली गळती चालत नव्हती, हिंदीनं शुद्ध उच्चार जपले. मुलांना ‘भूख’ म्हणायला शिकवा.»

असा दावा पुष्कळदा ऐकू येतो, तो तपासून पाहू. आधी आळसाचं बघू. ‘माले भूक लागनी’ म्हणणारी खान्देशातली आजी दूध, वाघ, जीभ, राख, मूठ, पाठ हे शब्द कसे म्हणते ते ऐका. शेवटचा महाप्राण, म्हणजे ख, घ, ठ, ध, भ यांतला श्वासाचा झोत, तिथे शाबूत आहे. जीभ जड असती तर हेही गेले असते. फरक शब्दाच्या सुरुवातीला आहे. ‘राख’मध्ये ‘ख’च्या आधी दुसरा महाप्राण नाही. ‘भूख’मध्ये ‘भ’ आहे, ‘धंधा’मध्ये ‘ध’, ‘खंभा’मध्ये ‘ख’, आणि ‘हाथ’मध्ये ‘ह’, म्हणजे नुसता श्वासच. एका शब्दात श्वासाचे दोन झोत आले की मराठी पहिला ठेवते आणि दुसरा सोडते. भीक, हत्ती, धीट, झांज, घुंगट यांच्याशेजारी हिंदीतले भीख, हाथी, ढीठ, झांझ, घूंघट ठेवा, तोच प्रकार दिसेल. याला विषमीकरण म्हणतात.

कुणी म्हणेल, घाईत बोलताना ‘वाघ’ही ‘वाग’ असाच ऐकू येतो. येतो, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि ती ओळखता येते. शब्दाला प्रत्यय लावा. ‘वाघाला’ म्हटलं की ‘घ’ परत येतो, कारण तो मनात होताच, फक्त शब्दाच्या टोकाला दबला होता. ‘भुकेनं’, ‘हातानं’, ‘खांबाला’ म्हणताना मात्र ‘ख’, ‘थ’, ‘भ’ परत येत नाहीत. पूजेला केळीचे खांब बांधणाऱ्या कुणाच्याही तोंडी ‘खांभाला’ येत नाही. तिथे महाप्राण दबलेला नाही, शब्दातूनच गेला आहे.

आता संस्कृत. ‘भूक’ आली ‘बुभुक्षा’वरून. ‘भुज्’ म्हणजे खाणे, त्यावरून खाण्याची इच्छा. ही इच्छा दाखवायला संस्कृत धातूचा पहिला भाग दुहेरी करते, म्हणजे खरं तर ‘भुभुक्षा’ व्हायला हवं. होतं ‘बुभुक्षा’. पहिल्या ‘भ’चा ‘ब’ झाला! ‘धा’चं ‘दधाति’, ‘भी’चं ‘बिभेति’, ‘भू’चं ‘बभूव’ होतं ते याच वाटेनं. पाणिनीनं यासाठी सूत्रच दिलं आहे: ‘अभ्यासे चर्च’ (८.४.५४). संस्कृत आणि ग्रीक यांच्या तुलनेतून हीच प्रवृत्ती जर्मन अभ्यासक हेर्मान ग्रासमान यांनी 1863 मध्ये मांडली. पुढे प्राकृतात ‘क्ष’चा ‘क्ख’ होऊन ‘भुक्खा’ झालं आणि शब्दात पुन्हा दोन महाप्राण आले. मराठीनं त्यातला दुसरा सोडला. एकाच शब्दाच्या प्रवासात ही टाळाटाळ दोनदा घडली, आणि पहिल्यांदा घडली ती संस्कृतातच.

हिंदीनं सगळं जपलं, हेही खरं नाही. ‘स्कन्ध’चं प्राकृतात ‘खन्ध’ झालं, पुन्हा दोन महाप्राण. मराठीनं दुसरा सोडून ‘खांदा’ केला, हिंदीनं पहिला सोडून ‘कंधा’. दोघींनी एकेकच ठेवला, फक्त बाजू वेगळी निवडली. मला या सगळ्यात हीच जोडी सर्वांत आवडते.

या टाळाटाळीला व्यापक नाव मिळालं ते आफ्रिकेतल्या काही भाषांच्या अभ्यासातून. त्या भाषांत आवाजाच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लेबन यांनी 1973 मध्ये दाखवलं की शब्दात एकसारखे दोन सूर शेजारी ठेवणं भाषा टाळतात. 1976 मध्ये जॉन गोल्डस्मिथ यांनी या तत्त्वाला ‘ऑब्लिगेटरी कंटूर प्रिन्सिपल’, म्हणजे चढउताराचं अनिवार्य तत्त्व, म्हटलं. पुढे जॉन मॅकार्थी यांनी ते अरबी धातूंतल्या व्यंजनांना लावलं. यात ‘शेजारी’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. ‘भूख’मध्ये ‘भ’ आणि ‘ख’ यांच्यामध्ये ‘ऊ’ आहे. पण स्वराला महाप्राण नसतो, त्यामुळे शब्दातले फक्त श्वासाचे झोत एका ओळीत मांडले तर ते दोन झोत एकमेकांना लागूनच येतात.

नावात ‘अनिवार्य’ असलं तरी हे तत्त्व सगळीकडे पाळलं जात नाही. डेव्हिड ऑडन यांनी 1986 मध्ये ते मोडणाऱ्या भाषा पुढे ठेवल्या. हिंदी ‘भूख’ सुखानं बोलतेच. आपल्याकडेही ‘फडफड’, ‘धडधड’, ‘खळखळ’ यांत दोन्ही महाप्राण टिकतात, कारण तिथे दुसरा अर्धा भाग पहिल्याची नक्कल असतो आणि नक्कल ओळखू यायला तो जसाच्या तसा राहावा लागतो. उलट ‘शिकणे’ आणि ‘सुका’ घ्या. हिंदीत ‘सीखना’, ‘सूखा’, म्हणजे इथेही ‘ख’चा ‘क’ झाला, पण आधी ना महाप्राण आहे ना ‘ह’. हे दोन शब्द मी विषमीकरणाच्या खात्यात टाकणार नाही.